अडकलेली वार आणि उलटलेले गर्भाशय

बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आकसते. वार मात्र आकसत नाही, त्यामुळे ती भिंतीपासून सुटू लागते. बाळंतीण सुखरूप असेल तर बाळ जन्मताच, साधारण मिनिटभरात, तिच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतात. त्याने आकुंचन जोरात होते आणि बहुतेक वेळा थोड्याच मिनिटांत वार पडते. अर्धा तास उलटूनही ती पडली नाही, तर ‘वार अडकली’ असे धरतात.

वार सुटल्याच्या खुणा बाहेरून कळतात. अंगावरून एकदम थोडे रक्त येते, बाहेर लोंबणारी नाळ लांब होते आणि ओटीपोटावर हात ठेवला की गर्भाशय गोल, टणक लागते. या खुणा दिसत नसतील तर वार अजून भिंतीला चिकटलेली असू शकते. अर्धवट सुटलेली वार सर्वांत धोक्याची, कारण सुटलेल्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात आणि आत अडकलेल्या वारेमुळे गर्भाशयाला पुरते आकसता येत नाही. याउलट वार जराही सुटली नसेल तर रक्तस्राव जवळजवळ नसतो. घरच्यांना अशा वेळी सगळे ठीक वाटते आणि मोलाचा वेळ जातो.

पहिले काम साधे आहे: मूत्राशय रिकामे करणे. भरलेले मूत्राशय वारेची वाट अडवते. त्याच वेळी शिरेत सलाईनची सुई घालून ठेवतात, रक्तगट तपासतात, नाडी आणि रक्तदाब पाहत राहतात. गर्भाशय आकसलेले असताना एक हात ओटीपोटावर, जांघेच्या हाडाच्या वर ठेवून गर्भाशय वर रोखून धरतात आणि दुसऱ्या हाताने नाळ सावकाश ओढतात. अर्ध्या तासात एवढ्याने वार आली नाही तर ती हाताने काढावी लागते; रक्तस्राव सुरू झाला तर अर्ध्या तासाची वाटही पाहत नाहीत. त्यासाठी भूल आणि प्रतिजैविकाचा एक डोस देतात. डॉक्टर नाळेच्या आधाराने हात आत नेतात, वारेची कडा शोधतात आणि हाताच्या कडेने ती भिंतीपासून हळूहळू सोडवतात. दुसरा हात पोटावरून गर्भाशय धरून असतो. बाहेर आलेली वार पसरून तिचा एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे तपासतात. वार आणि भिंत यांच्यामध्ये सुटण्याची फटच सापडत नसेल, तर वार स्नायूत रुजलेली असण्याची शक्यता असते. तिथे जोर लावला तर प्रचंड रक्तस्राव होतो. अशा वेळी शस्त्रक्रियेची तयारी करावी लागते, कधी गर्भाशयच काढावे लागते.

गर्भाशय सैल असताना आणि वरून आधार न देता नाळ ओढली, किंवा पोट जोराने दाबले, तर गर्भाशयाचा माथा मोजा उलटावा तसा आत वळून खाली येऊ शकतो. वार माथ्यालाच चिकटलेली असेल तर हा धोका वाढतो. क्वचित कोणी ओढलेले नसतानाही असे घडते.

समजा, वारेसाठी नाळ ओढताना बाळंतिणीला असह्य कळ आली, ती घामाने डबडबली आणि रक्तदाब कोसळला. रक्त तितकेसे गेलेले नाही, नाडीही कधी कधी मंद लागते. ओटीपोटावर नेहमीचा टणक गोळा हाताला लागत नाही किंवा त्या जागी खळगा लागतो, आणि योनीत लालसर मऊ गोळा दिसतो. हे गर्भाशय उलटल्याचे चित्र आहे. गोळा बाहेर आलेला नसेल तर ते ओळखणे चुकते, म्हणून पोटावरची तपासणी महत्त्वाची.

मदतीला माणसे बोलावून सलाईन वेगाने सुरू करतात, ऑक्सिटोसिन थांबवतात. चिकटलेली वार या क्षणी काढू नये, रक्तस्राव भयंकर वाढतो. गोळा तळहातावर घेऊन योनीतून वर, बेंबीच्या दिशेने ढकलतात; जो भाग शेवटी बाहेर आला तो आधी आत जातो. हे पहिल्या काही मिनिटांत केले तर बहुधा साधते. उशीर झाला की गर्भाशयाच्या मुखाचे कडे आवळते आणि गोळा सुजतो. मग भूल देऊन, गर्भाशय सैल करणारे टर्ब्युटालिन किंवा नायट्रोग्लिसरीन वापरून पुन्हा प्रयत्न होतो. ही औषधे रक्तदाब आणखी उतरवू शकतात, म्हणून ती जपून द्यावी लागतात. तेही जमले नाही तर कोमट सलाईन योनीत सोडून त्याच्या दाबाने गर्भाशय वर सरकवतात. सर्व उपाय फसले तर पोट उघडून ते सरळ करतात.

गर्भाशय जागेवर गेले तरी हात लगेच काढत नाहीत. आता ऑक्सिटोसिन सुरू करतात आणि गर्भाशय घट्ट आकसेपर्यंत हात आतच ठेवतात. वार त्यानंतर, भुलेखाली काढतात. पुढचे काही तास रक्तस्राव आणि पोटावरचा टणकपणा वारंवार तपासतात, कारण ते पुन्हा उलटू शकते. पुढच्या बाळंतपणातही दोन्ही घटना पुन्हा घडू शकतात, म्हणून झाल्या प्रकाराची नोंद बाळंतिणीच्या कागदांवर असायला हवी.