आजोबांचे ‘आबा’ कसे होतात?

मुंबईच्या उपनगरांतल्या मराठी घरांत आजोबांना ‘आबा’ म्हणणारी नातवंडे सहज भेटतात. हे लाडाचे नाव येते कुठून?

‘आजोबा’ हा शब्द तीन अक्षरी. बाळाला ओठ मिटून उच्चारायचा ‘ब’ लवकर जमतो. ‘ज’साठी जीभ टाळूला लावून हवा घासत सोडावी लागते, म्हणून तो उशिरा येतो. मग मधला ‘जो’ गळतो आणि उरते ‘आबा’. ‘आजी’त ओठांचे अक्षरच नाही, काही मुले ‘ज’च्या जागी ‘द’ घालून ‘आदी’ म्हणतात.

अर्थात, प्रत्येक ‘आबा’ बाळाने घडवलेला नसतो. वडीलधाऱ्यांना आबा म्हणण्याची पद्धत जुनीच. नातवंड येण्याआधीपासून घरचे तशी हाक मारत असतील, तर श्रेय बाळाचे नाही.

दुसरा पेच दोन आज्यांचा. हिंदीत दादी-नानी वेगळ्या. मराठीत दोघीही आजीच. म्हणून ‘मुलुंडची आजी’, ‘अंधेरीची आजी’ अशी नावे पडतात. घाटकोपरमध्ये शेजार गुजराती असेल तर आणखी गंमत: त्यांचे ‘दादा’ म्हणजे आजोबा, आपला दादा म्हणजे मोठा भाऊ.

पुढे मूल ‘आजोबा’ स्पष्ट म्हणू लागते. तरी ‘आबा’ टिकतो, कारण तोवर आजोबांना त्याच हाकेला ‘ओ’ द्यायची सवय झालेली असते.