हूक काढून, स्पिन 400वर

सकाळी 6:45
काल गुरुवार, महापालिकेचं पाणी बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं हे बिबवेवाडीत सगळ्यांना पाठ आहे. नळाला आधी फुसफुस, मग गढूळ पाणी. पहिल्या दोन बादल्या बाजूला काढल्या, त्या गॅलरी धुवायला होतील. पडद्यांना हे पाणी लावायचं नाही. टाकी भरून पाणी निवळलं की मगच मशीन.
पितृपक्ष संपत आलाय. घटस्थापनेच्या आत घरातलं अंथरूण-पांघरूण, पडदे, सतरंज्या सगळं धुवून व्हायला हवं.

8:10
मावशी आल्या. अप्पर इंदिरानगरहून चालतच उतरतात. दोन घरची भांडी उरकून झालीत. आमच्याकडच्या महिन्याच्या पैशात पडदे येत नाहीत. चार पडदे आणि दोन सतरंज्यांचे वेगळे 700 रुपये ठरलेत.
"चहा नंतर घेईन ताई, आधी स्टूल धरा."
पडदे सात फुटी, जाड, मागे अस्तर. मावशी स्टुलावर, मी खाली. रॉडवरून एक पडदा उतरला की त्याचा भार एकदम खांद्यावर येतो. त्यातली धूळही.

8:25
आता हूक. एका पडद्याला बारा, म्हणजे एकूण 48. वरच्या पट्टीच्या शिवलेल्या कप्प्यांत ते रुतून बसलेले असतात. ओढायचे नाहीत, ओढले की कप्प्याची शिवण उसवते. मावशी अंगठ्याने खालून वर ढकलतात आणि बोट वाकवून बाहेर घेतात. प्रत्येक हूक कुठल्या कप्प्यात होता तिथे पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालून ठेवतात. एक कप्पा चुकला की पडदा एका बाजूला लोंबतो. मग पुन्हा स्टूल, पुन्हा सगळं.
हूक राहिला तर मशीनमध्ये काय होतं हे त्यांनी दुसऱ्या एका घरी पाहिलंय. एकच लोखंडी हूक आत गेला, त्याने दाराचं रबर चिरलं, आणि पाणी स्वयंपाकघरभर. म्हणून काढलेले हूक एका स्टीलच्या डब्यात टाकतात आणि मोजतात. 47 भरले. शेवटचा पट्टीच्या घडीत सापडला. 48 झाल्याशिवाय पडदा मशीनकडे गेला नाही.
सात हूक गंजलेले निघाले. त्यांच्या जागी कापडावर पिवळट ठिपके. मावशींनी त्यावर लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ चोळलं आणि तेवढा भाग गॅलरीतल्या उन्हात पसरला. गंजलेले हूक कचऱ्यात. कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लास्टिकचे डझनभर आणले, 40 रुपये.

8:55
पडदे गॅलरीत झटकले. कोरडी धूळ आधी गेली पाहिजे, नाहीतर पाण्यात तिचा चिखल होतो आणि तो अस्तराच्या शिवणीत बसतो. दोघींनी दोन टोकं धरली, चार झटके. पडद्याच्या खालच्या दुमडलेल्या काठाला ब्रश.

9:10
मशीन सात किलोचं. एक पडदा तोलला: कोरडा 1 किलो 300 ग्रॅम. चारही मिळून पाच किलो दोनशे, म्हणजे मशीनच्या हिशोबात बसतात. पण मावशी दोनच घालतात. जाड कापड ओलं झालं की फुगतं आणि ड्रममध्ये त्याला उलटायला जागा लागते. जागा नसली की मधली घडी कोरडीच राहते, साबणही तिथेच अडकतो. थंड पाणी, पातळ साबण नेहमीच्या निम्मा, एक खळबळणं जास्तीचं.
आणि स्पिन 400.
त्याचा हिशोब असा. 1200वर पिळलं तर सुती कपड्यात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं. 400वर जवळजवळ वजनाइतकं. म्हणजे हलकं पिळलं की पाणी दुप्पट उरतं, वाळायला वेळही जास्त. तरी 400च. जोरात पिळलं की अस्तर आणि वरचं कापड वेगवेगळं ओढलं जातं, शिवणीला चुण्या पडतात, आणि घट्ट बसलेल्या सुरकुत्या सात फुटांवर इस्त्री केल्याशिवाय जात नाहीत. इस्त्रीवाला पडद्याचे नगावर पैसे घेतो.

9:30
मशीन फिरतंय तोवर सतरंज्या. सुती, लाल-निळ्या पट्ट्यांच्या, चार बाय सहा. आधी रंगाची परीक्षा: पांढरा फडका ओला करून लाल पट्टीवर अर्धा मिनिट दाबला. फडका जरासा गुलाबी झाला. म्हणजे पडद्यांबरोबर मशीनमध्ये धुवायच्या नाहीत आणि भिजत ठेवायच्या नाहीत. मीठ घातलं की रंग पक्का होतो म्हणतात. मावशींचं मत स्पष्ट आहे: सुटणारा रंग मिठाने थांबत नाही.
मोरीत सतरंजी पसरली. पाणी, साबण, आणि विणीच्या दिशेने ब्रश. आडवा ब्रश मारला की धागे वर येतात. मावशी उकिडव्या बसून वीत वीत पुढे सरकतात. पाणी काळं, मग राखाडी, मग फिकट गुलाबी. दोन सतरंज्यांना पाऊण तास लागला. मध्ये एकदा उठून त्यांनी कंबर सरळ केली आणि तेव्हाच चहा घेतला.

10:50
पडद्यांचे दोन्ही घाणे झाले. मशीन सतरंज्यांना मोकळं.
धुतलेली सतरंजी हाताने पिळली जात नाही. कोरडी 2 किलो 100 ग्रॅम होती. निथळूनही साडेसहा किलो भरली. एकटी मशीनमध्ये टाकली तर ड्रमच्या एका बाजूला गोळा होऊन बसते. मशीन ठणठण आपटतं, जागचं हलतं, नाहीतर थांबून पुन्हा पुन्हा तोल जुळवत बसतं. म्हणून मावशी दोन्ही सतरंज्या एकदम घालतात, समोरासमोर, सैल वळ्या करून. गोंडे आत दुमडलेले. फक्त खळबळणं आणि 400ची स्पिन.
पहिली दोन मिनिटं त्या मशीनवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एकसारखी घरघर आली तशा हलल्या.
बाहेर काढून तोललं तर प्रत्येकी चार किलो दोनशे. प्रत्येकीतून सव्वादोन किलोच्या आसपास पाणी मशीनने काढलं. तेवढं ओझं तीन जिने चढून गच्चीवर न्यायचं वाचलं.

11:30
गच्चीची किल्ली वॉचमनकडून आणली. प्रत्येक सतरंजी दोन दोऱ्यांवर टाकली, मध्ये हातभर अंतर. एकाच दोरीवर टाकली तर भार मधोमध येतो, तिथे कायमचा वाक पडतो आणि दोन थर चिकटून आत दमट राहतं. उलटी बाजू उन्हाला, लाल रंग विटू नये म्हणून.
पडदे गच्चीवर नेले नाहीत. ते ओले असतानाच परत रॉडवर जातात. टाक्यांच्या खुणेवर हूक लागले, सगळे प्लास्टिकचे किंवा न गंजलेले. गंजाचे डाग फिकट झालेत, पूर्ण गेले नाहीत. पट्टीच्या मागे आहेत, दिसत नाहीत. खाली जुने टॉवेल, खिडक्या उघड्या, पंखा. उरलेल्या पाण्याचा भार पडद्याला खाली ओढतो आणि चुण्या आपोआप सुटतात. मावशींनी खालचा काठ हाताने दोनदा ताणला, बस्स.

दुपारी 3:40
कात्रजच्या बाजूने ढग चढले. परतीचा पाऊस दुपारी असाच येतो. मावशी त्यांच्या पुढच्या घरून फोन करून म्हणाल्या, "ताई, आधी सतरंज्या उतरवा, मग बाकीचं." उतरवल्या. वरून कोरड्या, पण घडीत तळहात दाबला तर गार लागला. गार म्हणजे आत ओल आहे. अशी घडी घालून कपाटात ठेवली तर दोन दिवसांत कुबट वास. खुर्च्यांच्या पाठींवर टाकल्या, पंख्याखाली.

संध्याकाळी 6:15
पडदे वाळलेत, काठापाशी थोडी ओल. इस्त्री लागणार नाही. मावशी जाताना आल्या, हात लावून पाहिला, डब्यातले उरलेले पाच हूक मोजून माझ्याकडे दिले. 700 रुपये घेतले. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात याच चार पडद्यांचे 1200 सांगितले होते, सतरंज्या वेगळ्या.
सकाळचा हुकांचा अर्धा तास त्या 700मध्ये कुणी धरला नव्हता. आता धरलाय, पुढच्या वेळी 800. तुमच्या घरी पडदे धुवायला कुणी येणार असेल, तर हूक आदल्या रात्री तुम्हीच काढा, मोजा आणि डब्यात ठेवा. नाहीतर त्या वेळेचे पैसे द्या.