काका, आता क्लास संध्याकाळी घ्याल का?

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी सकाळी कशी फिरते, हे एकदा नीट पाहिलं की वेळ बदलून मागणं शिक्षकाला का जड जातं ते कळतं. सातचा विद्यार्थी शिकत असतो, त्याचा अर्धा तास संपता संपता गाडी साडेसातच्या मुलीच्या सोसायटीपाशी येते. ती स्टिअरिंगवर बसते, पहिला मागच्या सीटवर जातो आणि वाटेत आपल्या घराजवळ उतरतो. मग ती आठच्या काकूंना घ्यायला जाते. अशी साखळी साधारण दहापर्यंत चालते. त्यानंतर शिक्षकांची कागदपत्रांची किंवा आरटीओची धावपळ, आणि दुपार कलली की संध्याकाळची दुसरी साखळी. म्हणजे तुम्ही वेळ बदलता तेव्हा सकाळच्या साखळीतून एक कडी निघते आणि संध्याकाळच्या आधीच जोडलेल्या साखळीत ती घुसवावी लागते. 'उद्यापासून संध्याकाळी येते' हे वाक्य म्हणूनच शिक्षकांच्या कपाळावर आठी आणतं.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडची एक मुलगी. 5 जूनला तिचं लर्निंग लायसन्स निघालं, पाठोपाठ सकाळी सातचा एकवीस दिवसांचा क्लास लागला. अकरा क्लास झाले आणि हिंजवडीतल्या कंपनीचं बोलावणं आलं, 1 जुलैपासून रुजू व्हायचं. कंपनीची बस सकाळी सव्वासातला सुटते, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कोथरूड डेपोजवळ सोडते. सकाळचा क्लास आता शक्य नाही.

अशा वेळी बरेच जण घाबरून एक तर क्लास सोडतात किंवा उरलेले दहाही क्लास दोन शनिवार-रविवारांत उरकायचं म्हणतात. दोन्हींची गरज नसते. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, म्हणजे या मुलीचं डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. पक्क्या लायसन्सची टेस्ट लर्निंग निघाल्यावर तीस दिवसांनी देता येते, म्हणजे तिला जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून. मधे भरपूर जागा आहे. मोटार वाहन नियमांनुसार हलक्या खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान दहा तासांचं असायला हवं. रोज अर्धा तास धरला तर एकवीस क्लासचे साडेदहा तास होतात. तिचे साडेपाच झाले, पाच उरले. आठवड्याला तीन संध्याकाळी मिळाल्या तरी जुलै संपायच्या आत दहा क्लास होतात. हा हिशेब हातात असला की विनंती धूसर राहत नाही.

सांगायचं कधी, तर रुजू व्हायची तारीख कळली त्याच दिवशी, आणि क्लास संपून गाडी बाजूला लागल्यावर. चौकात गिअर बदलताना अशी बोलणी काढू नयेत. काकांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर असतो आणि लक्ष रस्त्यावर. दुसरी गोष्ट, फक्त काकांना सांगून भागत नाही. बॅच बहुतेक ठिकाणी स्कूलचे मालक किंवा ऑफिसमधल्या मॅडम लावतात. काका मान डोलावतात, मॅडमच्या वहीत मात्र सातला तुमचंच नाव राहतं आणि पहिल्याच दिवशी गाडी तुमच्या गेटवर उभी राहते. म्हणून तोंडी बोलून झालं की व्हॉट्सॲपवर दोघांना लिहावं. काहीसं असं:

"नमस्कार काका. मला नोकरी लागली आहे, 1 जुलैपासून सकाळी यायला जमणार नाही. माझे अकरा क्लास झालेत, दहा राहिलेत. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी रात्री पावणेआठ किंवा सव्वाआठला जमेल का? डेपोजवळच्या आतल्या गल्लीत मी उभी राहीन, घरी घ्यायला यायची गरज नाही. 30 जूनपर्यंत सकाळी नेहमीप्रमाणे येते. संध्याकाळचे वेगळे पैसे लागत असतील तर आधी सांगा."

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य गल्लीचं आहे. संध्याकाळी वेळेइतकाच अडसर असतो तो गाडीने तुम्हाला गाठण्याचा. पौड रोडवर आठच्या सुमारास एका सोसायटीतून दुसऱ्या सोसायटीत जाण्यातच अर्धा क्लास जातो. तुम्ही गाडीच्या वाटेवर येऊन उभे राहिलात, तर भरलेल्या बॅचमध्येही जागा निघते. आणि पैशांचं आधी विचारलेलं बरं; एकदा भरलेल्या फीमध्ये वेळ बदलता येते की नाही, हे प्रत्येक स्कूलचं वेगळं असतं.

आता संध्याकाळचा क्लास म्हणजे सकाळचाच क्लास, फक्त उशिरा, असं समजू नका. गर्दीच्या वेळी हाफ क्लचवर गाडी सरकवणं पक्कं होतं, पण तिसरा-चौथा गिअर टाकायची वेळच येत नाही. चार संध्याकाळी फक्त पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गेल्या तर काकांना स्पष्ट म्हणा, आज उशिराची वेळ द्या, मोकळ्या रस्त्यावर जाऊ.

दुसरा फरक अंधाराचा. पुण्यात जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. पावणेआठचा क्लास म्हणजे जुलैतही रात्रीचाच. नवशिक्याला पहिला धक्का बसतो तो समोरून येणाऱ्या अप्पर लाइटचा. नजर त्या दिव्यावर जाते आणि गाडीही नकळत तिकडे सरकते. स्टिअरिंग उजवीकडे ओढलं जातंय, हीच खूण. अशा वेळी वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची. मागच्या गाडीचे दिवे आरशातून डोळ्यांत येत असतील तर आतल्या आरशाखालची छोटी कळ ओढायची, आरसा मंद होतो. आणि जुलैचा पाऊस: काच आतून धुरकटते. रुमालाने पुसत बसण्यापेक्षा एसी लावून हवा काचेवर सोडली की ती लवकर साफ होते. अप्पर-डिपरचा खटका, वायपर, एसीची कळ हे सगळं गाडी सुरू करण्याआधी, उभ्या गाडीत हाताने चाचपून घ्या. पहिली संध्याकाळ आतल्या शांत रस्त्यावर मागून घेण्यात काही कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. वेळ बदलण्याच्या गडबडीत काही ठिकाणी बुडालेले क्लासही झालेले म्हणून वहीत चढतात. स्कूलने प्रत्येक विद्यार्थ्याच्या गाडी चालवण्याच्या तासांचं रजिस्टर ठेवायचं असतं. त्यात तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि शिक्षक व विद्यार्थी दोघांच्या सह्या असतात. न झालेल्या क्लासवर सही करू नका. 'नंतर भरून देऊ' या शब्दावर केलेली सही तुमच्याच पाच तासांतून वजा होते.

महिनाभरात क्लास संपतील, पण टेस्ट संध्याकाळी होत नाही. तिचा स्लॉट सारथी पोर्टलवर घ्यावा लागतो आणि तो दिवसाचा, ऑफिसच्या वेळेतलाच असतो. नवीन नोकरीत सुरुवातीला रजा मागणं अवघड जातं, म्हणून रुजू होतानाच वरिष्ठांना ऑगस्टमधल्या एका अर्ध्या दिवसाची कल्पना देऊन ठेवा. नापास झालात तर पुन्हा टेस्टसाठी किमान सात दिवस थांबावं लागतं, तेव्हा अर्धा दिवस आणखी एक शिल्लक असू द्या.