कार्ड बदलते, टोकन टिकते

समजा, जळगावच्या नवी पेठेतल्या एका दुकानदाराने हिशेबाच्या सॉफ्टवेअरची वर्गणी डेबिट कार्डावर लावली आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला ५९९ रुपये आपोआप कापले जातात. कार्डावर मुदत छापली आहे ०८/२६, म्हणजे ऑगस्ट संपला की ते कार्ड संपले. बँकेने नवे कार्ड टपालाने पाठवले आणि दुकानदाराने एटीएमवर जाऊन पिन घातला. सॉफ्टवेअरच्या कंपनीला मात्र त्याने काहीच कळवले नाही. तरीही ५ सप्टेंबरला पैसे जातात. ते कसे?

पूर्वी अशा कंपनीकडे कार्डाचा १६ आकडी नंबर आणि मुदत साठवलेली असे. मुदत संपली की साठवलेली माहिती शिळी होई आणि वसुली अडकत असे. शिवाय कंपनीचा डेटा चोरीला गेला, तर कार्डाचा नंबरही जाई. रिझर्व्ह बँकेने हे साठवणेच बंद केले. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने साठवलेल्या कार्डांसाठी टोकनची वाट मोकळी केली. दोनदा मुदतवाढ मिळून १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम लागू झाला. आता पूर्ण नंबर फक्त कार्ड देणारी बँक आणि कार्डाचे नेटवर्क, म्हणजे रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड, यांच्याकडेच राहतो. ओळख पटावी म्हणून दुकानाला शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव ठेवता येते.

बाकीच्या नंबराच्या जागी दुकानाकडे टोकन असते. तोही दिसायला कार्डासारखाच आकडा असतो, पण तो एक कार्ड आणि एक दुकान यांच्या जोडीपुरताच चालतो. दळणाच्या डब्यावर गिरणीवाला नंबर टाकतो, तो दुसऱ्या गिरणीत कुणी विचारत नाही, तसेच हे. म्हणून तेच कार्ड चार ठिकाणी जपले तर टोकनही चार होतात.

टोकनाची आणि खऱ्या नंबराची जोडी नेटवर्कच्या तिजोरीत नोंदलेली असते. टोकनाला स्वतःची मुदत असते आणि ती कार्डावर छापलेल्या मुदतीपेक्षा वेगळी असते. बँकेने नवे कार्ड काढले की ती नेटवर्कला कळवते: या नंबरची मुदत आता अशी, किंवा या जुन्या नंबरऐवजी हा नवा. तिजोरीतली नोंद बदलते, दुकानाकडचे टोकन तेच राहते. ५ सप्टेंबरला कंपनी जुनेच टोकन पाठवते, नेटवर्क त्याच्या जागी नवा तपशील घालते आणि मागणी बँकेपर्यंत पोहोचते.

पण नुसती वाट शाबूत असून भागत नाही, परवानगीही लागते. दुकानदाराने पहिल्यांदा ओटीपी टाकून जी संमती दिली, तो ई-मँडेट. तो बँकेकडे वेगळा नोंदलेला असतो. त्यावर १५ हजार रुपयांपर्यंतची वसुली दर वेळी ओटीपी न मागता होते. म्युच्युअल फंड, विमा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांना ही मर्यादा एक लाख आहे. वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना यायलाच हवी.

कार्डाचे नूतनीकरण झाले किंवा ते बदलले, तर आधी जोडलेल्या दुकानांशी नवे कार्ड जोडण्यासाठी बँकेने ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी, असाही नियम आहे. ही विचारणा राहिली किंवा ग्राहकाने तिच्याकडे दुर्लक्ष केले, तर साखळी तुटते. कार्ड हरवले म्हणून बंद केले असेल, तर टोकन थांबवले किंवा रद्दही केले जाऊ शकते. बँकेने रुपेऐवजी व्हिसाचे कार्ड दिले, तर रुपेच्या तिजोरीतले टोकन तिकडे चालत नाही. अशा वेळी कार्ड नव्याने जोडावे लागते आणि ओटीपीसह मँडेटही नव्याने द्यावा लागतो.

बिघाड आधी ओळखता येतो. आपल्या दुकानदाराला दर महिन्याच्या ४ तारखेपर्यंत येणारी सूचना आली नाही, तर मँडेट अडकला असे समजावे. नवे कार्ड हातात आल्यावर बँकेच्या ॲपमध्ये टोकन कुठे कुठे आहेत आणि मँडेट कोणते चालू आहेत, या दोन्ही याद्या पाहाव्यात. टोकनाच्या यादीतून नको असलेले दुकान काढता येते. नंबर बदलला असेल, तर कंपनीच्या पानावर नव्या कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसतात का, तेही पाहावे.

धुळ्या-जळगावच्या ज्या घरांतून एसआयपी किंवा कर्जाचा हप्ता नॅचवर जातो, त्यांना मात्र हे सारे लागू नाही. तो मँडेट खाते क्रमांकावर असतो. कार्ड दहा वेळा बदलले तरी खाते तेच राहते, म्हणून हप्ताही चालू राहतो. त्यामुळे वसुली थांबली की पहिला प्रश्न हाच विचारावा: पैसे कार्डावरून जात होते, की खात्यावरून?