भंडारा उधळला आणि चौकोन उमटले

जेजुरीच्या सोमवती अमावास्येचा एक व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. पालखी कऱ्हेवर स्नानाला निघालेली. पहिली चाळीस सेकंदं इतकी स्वच्छ, की गडाच्या पायऱ्यांचे दगड वेगवेगळे दिसतात. मग ‘येळकोट येळकोट’ होतं, शे-दोनशे हात वर जातात, आणि सगळं चित्र पिवळ्या चौकोनांचं होऊन बसतं. माणसांचे चेहरे नाहीत, भंडाऱ्याचे कण नाहीत, नुसत्या पिवळ्या फरश्या. दोन-तीन सेकंदांनी धूळ खाली बसते आणि दगड पुन्हा जागेवर येतात.

पहिला संशय लेन्सवर गेला, भंडारा चिकटला असेल म्हणून. पण त्याच ठिकाणी, त्याच फोनवर, पाच मिनिटांनी काढलेल्या फोटोत हवेतला कण न् कण दिसतो. म्हणजे लेन्स स्वच्छ होती आणि सेन्सरही ठीक होता. गडबड त्यांच्या पुढे कुठेतरी झाली. ते ‘पुढे’ म्हणजे फोनच्या मुख्य चिपमधले दोन कोपरे. एक आयएसपी, म्हणजे इमेज सिग्नल प्रोसेसर, आणि दुसरा व्हिडिओ एन्कोडर. दुकानात कोणी त्यांची चौकशी करत नाही, मेगापिक्सेल मात्र सगळे विचारतात.

सेन्सर जे देतो त्याला चित्र म्हणणं धाडसाचंच आहे. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच काच असते. निम्म्या काचा हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ साली मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. त्यामुळे प्रत्येक पिक्सेलला एकच रंग माहीत असतो. उरलेले दोन आयएसपी शेजारच्या पिक्सेलांकडे बघून अंदाजाने भरतो. तुमच्या फोटोतला दोन तृतीयांश रंग हा असा हिशेबाने काढलेला असतो.

त्याआधी आणि त्यानंतरही बरंच काही चालतं. मेलेले पिक्सेल झाकायचे, लेन्समुळे काळवंडलेले कोपरे उजळायचे, दाणे पुसायचे, रंगांचा तोल साधायचा, सावलीतलं वर आणायचं, कडा धारदार करायच्या. सेकंदाला ३० फ्रेम्स घेताना या सगळ्याला मिळून ३३ मिलिसेकंद मिळतात. ४के व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २५ कोटी. हे काम फोनच्या सर्वसाधारण प्रोसेसरवर टाकलं तर तो तापेल आणि बॅटरी बघता बघता उतरेल. आयएसपी हे काम पंगतीच्या स्वयंपाकासारखं वाटून घेतो. एकजण लाटतो, दुसरा भाजतो, तिसरा तूप लावतो, आणि शेवटची पोळी लाटून होण्याची वाट कोणी बघत नाही. सेन्सरकडून चित्राच्या वरच्या ओळी आल्या की त्यांच्यावर काम सुरू, खालच्या ओळी अजून यायच्या असतात. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी सर्किटं कोरलेली असतात आणि ती दुसरं काहीच करत नाहीत, म्हणूनच ती इतकी वेगवान असतात.

पिक्सेल पुढे सरकत असतानाच आयएसपी उजेडाची आणि रंगांची मोजदादही करतो, आणि पुढच्या फ्रेम्सचं एक्स्पोजर, फोकस, रंगाचा तोल त्यावरून ठरतो. माझ्या व्हिडिओत याचाही पुरावा आहे. भंडारा पसरल्यावर कडेच्या दगडी भिंतीवर किंचित निळसर झाक येते. चित्रात सगळीकडे पिवळं दिसल्यावर यंत्राला वाटलं की उजेडच पिवळा आहे, म्हणून त्याने निळा वाढवला. देवाचा भंडारा आणि घरातला पिवळा दिवा यांतला फरक मोजदादीत येत नाही.

कॅमेऱ्याची चपळाई ठरते ती याच पंगतीच्या वेगावर. बटण दाबल्या क्षणाचाच फोटो मिळावा म्हणून फोन एक युक्ती करतो. कॅमेरा उघडा असताना तो सतत पूर्ण आकाराच्या फ्रेम्स घेत असतो आणि शेवटच्या काही स्मृतीत धरून ठेवतो. तुमचं बोट टेकलं की फोन मागे जाऊन त्या क्षणाची फ्रेम उचलतो. याला झीरो शटर लॅग म्हणतात. पण त्यासाठी पूर्ण आकाराचा प्रवाह अखंड चालू ठेवता आला पाहिजे. क्वालकॉमने डिसेंबर २०२० मध्ये आणलेल्या स्नॅपड्रॅगन ८८८ या चिपच्या आयएसपीची क्षमता कंपनीने सेकंदाला २७० कोटी पिक्सेल अशी दिली होती. त्या काळातली ही वरच्या श्रेणीतली चिप. आता १०८ मेगापिक्सेलचा सेन्सर सेकंदाला ३० वेळा वाचायचा तर ३२४ कोटी होतात. हिशेब तिथेच फसतो. कंपनीही झीरो शटर लॅगसह ३० फ्रेम्सचा दावा ८४ मेगापिक्सेलपर्यंतच करत होती. शिवाय इतका मोठा सेन्सर स्वतःच पूर्ण आकारात त्या वेगाने वाचून देत नाही. म्हणून असे फोन एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतात आणि तो झटकन निघतो. ‘१०८’ची खास सोय निवडली, की बटण दाबल्यावर फोन क्षणभर अडखळतो आणि पोरगं चौकटीबाहेर पळालेलं असतं.

आता पिवळ्या चौकोनांकडे येऊ. आयएसपीने तयार केलेल्या ४के चित्राला, रंगाची माहिती आधीच पाव हिश्श्यावर आणलेली असूनही, दर पिक्सेलला दीड बाइट लागतात. सेकंदाचे झाले सुमारे ३७३ मेगाबाइट. माझा फोन ४के व्हिडिओ ५० मेगाबिटच्या दराने साठवतो, म्हणजे मिनिटाला ३७५ मेगाबाइट. कच्च्या एका सेकंदाला जेवढी जागा लागते, तेवढ्यात एन्कोडरला पूर्ण मिनिट बसवायचं असतं. साठाला एक.

हे जमतं कारण व्हिडिओत बहुतेक गोष्टी जागच्या जागी असतात. २००३ सालच्या एच.२६४ या पद्धतीत फ्रेमचे सोळा बाय सोळा पिक्सेलचे ठोकळे पाडतात. ४केमध्ये असे ३२,४०० होतात. प्रत्येक ठोकळ्यासाठी एन्कोडर आधीच्या फ्रेममध्ये त्याच्यासारखा तुकडा शोधतो. सापडला, तर फक्त ‘तोच, पण तीन पिक्सेल डावीकडे’ एवढं लिहितो आणि राहिलेला किरकोळ फरक जोडतो. गडाची पायरी हलत नाही, तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. मूळ ठोकळा ३८४ बाइटचा असतो आणि सरासरी वाट्याला येतात साडेसहा बाइटसुद्धा नाहीत. पायऱ्यांनी वाचवलेलं चालत्या माणसांवर खर्च होतं आणि संसार सुखाने चालतो.

भंडारा उधळला की हा संसार कोलमडतो. हवेतला प्रत्येक कण आपल्या मर्जीने फिरतो, फुटतो, विरतो. आधीच्या फ्रेममध्ये त्याच्यासारखं काहीच सापडत नाही. हजारो ठोकळे एकाच वेळी नव्याने लिहायचे आणि थैलीत मात्र तेवढेच बाइट. तेव्हा एन्कोडर बारीक तपशील टाकून देतो. आधी कणांची कड जाते, मग पोत, आणि अखेरीस ठोकळ्याचा सरासरी रंग तेवढा उरतो. तीच ती पिवळी फरशी. ठोकळ्यांचे सांधे बुजवण्याची सोय एच.२६४मध्ये आहे, पण इतक्या टंचाईत तीही अपुरी पडते. गणपतीतला गुलाल, पावसाची झड, धबधबा, वाऱ्यातलं पिंपळाचं झाड, सगळीकडे हीच रड.

संगणकावर सावकाश चालणारा सॉफ्टवेअर एन्कोडर हेच दृश्य जास्त चांगलं सांभाळतो. त्याला पुढच्या फ्रेम्स आधी बघता येतात, तुकडे दूरवर शोधता येतात, हवं तर सगळा व्हिडिओ दोनदा चाळता येतो. फोनमधल्या हार्डवेअर एन्कोडरला हे परवडत नाही. तो जवळपासच शोधतो, ३३ मिलिसेकंदांत फ्रेम हातावेगळी करतो आणि पुढच्या क्षणी दोनशे हात वर जाणार आहेत हे त्याला ठाऊक नसतं. त्याबदल्यात वीज इतकी कमी लागते की तासाभराचं लग्न हातातल्या फोनवर चित्रित होतं. सौदा वाईट नाही.

या दोन कोपऱ्यांचं एकमेकांशी नातं रात्री उघडं पडतं. कमी उजेडात सेन्सरचा संकेत वाढवावा लागतो, मग भिंतीवर दाणे नाचू लागतात. एन्कोडरच्या दृष्टीने तो उधळलेला भंडाराच. दर फ्रेमला नवा, कशाशीही न जुळणारा. बाइट सगळे दाण्यांवर जातात आणि चेहऱ्याला काही उरत नाही. चांगला आयएसपी लागोपाठच्या फ्रेम्स ताडून दाणे आधीच पुसतो, आणि तसं केल्याने एन्कोडरचेही बाइट वाचवतो. जास्त पुसलं तर चेहरा मेणाचा होतो आणि हललेल्या हातामागे भुताची सावली राहते. स्वस्त फोनचा रात्रीचा व्हिडिओ चिखलासारखा दिसतो, त्यात सेन्सर लहान असण्याइतकाच वाटा या दोघांच्या कमकुवत जोडीचा असतो.

आपल्या फोनचं पाणी जोखायचं तर बाल्कनीतून वाऱ्यात हलणारं झाड अर्धा मिनिट टिपावं आणि चालू व्हिडिओ थांबवून पानं बघावीत. मग फाइलच्या मेगाबाइटला आठने गुणून सेकंदांनी भागावं, म्हणजे मेगाबिटचा दर कळतो. रात्री तोच प्रयोग करून फाइलच्या तपशिलात फ्रेम्सचा आकडाही बघावा. ३० मागितले असताना २४ दिसले, तर अंधारात फोनने उजेड गोळा करायला जास्त वेळ घेतला असं समजावं.

पुढच्या खेपेला मी तयारीने गेलो. एका ॲपमधून दर १०० मेगाबिट केला, एचईव्हीसी निवडलं, रंगाचा तोल आधीच बांधून ठेवला आणि ६०चा मोह टाळून ३० फ्रेम्सच घेतल्या, कारण फ्रेम्स दुप्पट केल्या तरी अनेक फोन दर दुप्पट करत नाहीत. २०१३ सालची एचईव्हीसी पद्धत ठोकळे गरजेनुसार लहानमोठे करते आणि साधारण निम्म्या बाइटमध्ये तेवढंच काम भागवते. या वेळी भिंत निळी झाली नाही. भंडारा धुरळ्यासारखा दिसला, जवळचे कण सुटे, लांबचे थोडे लिंपल्यासारखे. फरश्या जवळजवळ नाहीत. फोन मात्र नऊ मिनिटांत चटके देऊ लागला.

घरी येऊन तो व्हिडिओ मेसेजिंग ॲपवरून साताऱ्याच्या मावशीला पाठवला. पाठवताना ॲपने तो पुन्हा एकदा, पहिल्याहून फार कमी दराने दाबला. मावशीचा निरोप आला, ‘येळकोट येळकोट! पण मधे हे पिवळे चौकोन कसले रे?’