टोल अ‍ॅपमधल्या दोन स्क्रीन

नॉर्वेत टोल जागोजागी आहे, पण नाक्यावर आडवा येणारा दांडा सहसा कुठे दिसत नाही. ओस्लोत शिरताना रस्त्यावर एखादी कमान किंवा कडेला खांब लागतो, त्यावर कॅमेरे आणि अँटेना असतात, आणि गाडी वेग कमी न करता पुढे निघून जाते. आपल्याकडे फास्टॅगमध्ये पैसे नसतील तर ते नाक्यावरच कळतं. तिथे शिल्लक शून्य असली तरी गाडी कुणी अडवत नाही. काहीतरी बिनसलंय हे पुढे घरी बिल आल्यावर उमगतं. म्हणून टोलच्या अ‍ॅपमधल्या दोन स्क्रीन नीट कळणं महत्त्वाचं ठरतं: एक गाडीच्या नोंदणीची, दुसरी आगाऊ पैसे भरण्याची.

या व्यवस्थेचं देशव्यापी नाव ऑटोपास. ओस्लोच्या परिसरातला टोल फ्येल्लिन्येन ही कंपनी गोळा करते, पश्चिम किनाऱ्याकडचा फेर्दे. पण काचेला लावायचा टॅग आणि त्यामागचं खातं देणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. फ्लिट हे त्यांपैकी एक नाव. ही विभागणी 2020 पासूनची. ग्राहकाचा करार टॅग देणाऱ्या कंपनीशी होतो, आणि तोच टॅग देशभरातल्या ऑटोपासच्या टोलवर चालतो. अ‍ॅपमध्ये भरलेले पैसेही याच कंपनीकडे जमा राहतात, टोलवाल्यांकडे नाही. शिल्लक उशिरा का बदलते, याचं उत्तर इथेच आहे.

आधी गाडीची स्क्रीन. प्रत्येक अ‍ॅपमधली मांडणी निराळी असते, तरी विचारलं जातं ते जवळपास सारखंच: देश, गाडीचा नंबर आणि टॅगचा नंबर. नंबरच्या रकान्यावर Registreringsnummer असं लिहिलेलं असतं, आणि टॅगला Brikke म्हणतात. नॉर्वेतल्या साध्या गाडीच्या पाटीवर दोन अक्षरं आणि पाच अंक असतात. गोंधळ टाळण्यासाठी त्या अक्षरांत O आणि I वापरत नाहीत. त्यामुळे गोल दिसणारं चिन्ह शून्यच असतं आणि उभी रेघ म्हणजे एकच. EL ने सुरू होणारी पाटी इलेक्ट्रिक गाडीची असते, तिथे दुसरं अक्षर एल आहे, त्याला एक समजू नये.

देशाचा रकाना मात्र अनेक जण न बघता पुढे सरकवतात. तिथे चुकून दुसरा देश राहिला, तर कॅमेऱ्याने टिपलेला नंबर आणि खात्यातला नंबर जुळत नाहीत. टॅग वाचला गेला तोवर काही बिघडत नाही, पण तो वाचला गेला नाही की कॅमेऱ्याची नोंद खात्यापर्यंत पोहोचतच नाही आणि बिल सरळ गाडीच्या मालकाच्या नावावर निघतं.

टॅग, गाडीचा नंबर आणि खातं या तिघांची गाठ बसली, तरच सवलत मिळते. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला वैध करार आणि टॅग असेल तर सर्वसाधारण सवलत 20 टक्के असते. इलेक्ट्रिक गाड्यांचा कमी दरही बहुतेक ठिकाणी याच अटीवर मिळतो. नुसती गाडी इलेक्ट्रिक असून भागत नाही. टॅग काचेच्या वरच्या भागात, आरशामागे बसवायचा असतो. काही गाड्यांच्या काचेत धातूचा पातळ थर असतो, त्यातून लहरी जात नाहीत. अशा काचेवर टॅगसाठी बहुधा ठिपक्याठिपक्यांचा एक पट्टा मोकळा ठेवलेला असतो, तो शोधून तिथेच टॅग चिकटवावा. गाडीच्या कप्प्यात पडलेला टॅग कामाचा नाही.

आता पैशांची स्क्रीन. आगाऊ भरण्याचा करार असेल तर वरच्या बाजूला Saldo म्हणजे शिल्लक, आणि जवळच पैसे भरण्याचं बटण. या आकड्याबद्दलचा मोठा गैरसमज असा की तो ‘आत्ताचा’ असतो. प्रत्यक्षात कमानीखालून गाडी गेली की नोंद आधी टोल कंपनीकडे जाते, तिथून टॅग देणाऱ्या कंपनीकडे, आणि मग ती खात्यातून वजा होते. यात दिवस जातात. टॅग न वाचल्यामुळे फोटो तपासावा लागला, तर आणखी वेळ लागतो.

एक कल्पित हिशोब घेऊ. एखाद्या टोलचा पूर्ण दर 30 क्रोन आहे असं समजा; 20 टक्के सवलत गेली की 24 उरतात. खात्यात 100 क्रोन आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एकदा गाडी तिथून गेली, म्हणजे 120 क्रोन झाले. शुक्रवारी संध्याकाळी अ‍ॅप उघडलं तर कदाचित फक्त सोमवार आणि मंगळवारच्या नोंदी आलेल्या असतील. स्क्रीनवर 52 क्रोन दिसतात, पण बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारचे 72 अजून वाटेत आहेत. खातं खरं म्हणजे 20 क्रोनांनी मागे आहे. म्हणून आगाऊ खातं वापरणाऱ्याने शेवटच्या नोंदीची तारीख बघावी, आणि त्यानंतरच्या फेऱ्या मनाशी वजा करून मगच पैसे भरायचे की नाही ते ठरवावं. शिल्लक संपून करार अवैध ठरला, तर पुढची फेरी पूर्ण दराने लागते.

पैसे भरताना कार्डाने दिले तर बहुधा लगेच दिसतात. बँकेतून पाठवले तर KID नावाचा लांबलचक आकडा द्यावा लागतो. कोणत्या ग्राहकाचे पैसे हे कंपनीला त्यावरूनच समजतं. एक अंक चुकला की पैसे जातात, पण शिल्लक वाढत नाही. शनिवार-रविवारी बँकेतून पाठवलेली रक्कमही कामाचा दिवस उजाडेपर्यंत दिसत नाही. टॅगची अनामत घेतली असेल तर ती शिल्लकेत मोजू नये.

फेऱ्यांच्या यादीत कधी कधी शून्य क्रोनची ओळ दिसते आणि लोक गोंधळतात. ओस्लोसारख्या शहरात टॅगवाल्या गाडीला एका तासात अनेक कमानी लागल्या तरी टोल एकदाच द्यावा लागतो. 8 वाजून 5 मिनिटांनी एक कमान आणि 8.50 ला दुसरी, तर दोन्ही मिळून एकच आकारणी, 9.06 नंतरची कमान मात्र नव्याने मोजली जाते. ओस्लोत कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी तीन ते पाच या वेळेत दर जास्त असतो, त्यामुळे एकाच ठिकाणचे दोन आकडे वेगळे दिसले तर आधी वेळ बघावी. यादीत सतत कॅमेऱ्याने ओळखलेल्या नोंदीच येत असतील, तर टॅग नीट बसलाय का ते तपासायला हवं.

महाराष्ट्रातून फिरायला गेलेल्यांनी आणखी एक पथ्य पाळावं. भाड्याच्या गाडीत टॅग बहुधा आधीपासून असतो आणि गाडी कंपनीच्या खात्यात नोंदलेली असते. तिचा नंबर आपल्या अ‍ॅपमध्ये घातला, तर एकच गाडी दोन खात्यांत अडकते आणि हिशोब कुणाला लागेल याचा घोळ होतो. टोल भाड्याच्या बिलात येणार का, हे काउंटरवरच विचारून घ्यावं.

तिथे स्थायिक झालेल्यांना गाडी विकताना याची काळजी घ्यावी लागते. नॉर्वेत नंबरची पाटी गाडीबरोबरच नव्या मालकाकडे जाते. म्हणून हस्तांतराच्या दिवशीच अ‍ॅपमधून गाडी काढून टाकावी आणि टॅग काचेवरून उतरवून स्वतःजवळ ठेवावा. तसं केलं नाही तर नव्या मालकाच्या फेऱ्या जुन्याच्या शिल्लकेतून वजा होत राहतात. विक्रीनंतर जुन्या तारखेच्या काही नोंदी उशिराने येतीलच, तेव्हा खातं बंद करून उरलेले पैसे परत मागण्याआधी त्या सगळ्या वजा होऊ द्याव्यात.