साडेआठ लिटरचे साडेपंचवीस

सकाळी पावणेसहाला संकलन केंद्रात दूध घालून गेलेल्या मावशी नऊ वाजता पावती आणि मोबाइल दोन्ही हातात घेऊन परत आल्या. पावतीवर साडेआठ लिटर होते. मोबाइलवर आलेल्या मेसेजमध्ये खात्यावर त्या सकाळचे साडेपंचवीस लिटर जमा दिसत होते. ‘‘दादा, दोन म्हशी मिळून साडेआठ देत्यात. बाकीचं कुठनं आलं?’’ दहा दिवसांनी निघणारं बिल याच आकड्यावर निघणार होतं. त्या दूध संस्थेची नोंदप्रणाली आमच्या गटाने लिहिली होती, म्हणून उत्तर शोधायचं काम माझ्याकडे आलं.

ही प्रणाली ‘सर्व्हरलेस’ होती. म्हणजे सर्व्हर असतो, पण तो आपण चोवीस तास भाड्याने घेऊन ठेवत नाही. आपण फक्त एक छोटा प्रोग्रॅम देतो, त्याला फंक्शन म्हणतात. काम आलं की क्लाउड कंपनी तो चालवते आणि चालला तेवढ्या वेळाचेच पैसे घेते. अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये जाहीर केलेली ‘लॅम्डा’ ही अशी सेवा. आम्ही तीच वापरत होतो. केंद्रावर मापन झालं की पावतीची फाइल क्लाउडवर चढायची आणि फंक्शन जागं व्हायचं. ते पावती वाचायचं, खात्यावर लिटर मिळवायचं आणि शेवटी शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचं.

रात्रभर दूध येत नाही, म्हणून रात्रभर फंक्शनला काम नसतं. कंपनी त्याची जागा मोकळी करते. पहाटेच्या पहिल्या पावतीला नवी जागा तयार करून, भाषा आणि लायब्रऱ्या चढवून मग काम सुरू होतं. याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. लॉगमधल्या `REPORT` या ओळीत `Init Duration` दिसलं, की ती सुरुवात थंड होती असं समजावं. गरम फंक्शनच्या ओळीत तो आकडा नसतोच.

इथे एक बारकावा आहे. ही चढवाचढवीची वेळ साधारणपणे फंक्शनच्या वेळमर्यादेत धरली जात नाही. पण काम सुरू झाल्यावर पहिल्यांदा जे जे करावं लागतं, ते सगळं मर्यादेत धरलं जातं. उदाहरणार्थ, एसएमएस कंपनीच्या सर्व्हरशी नवी जोडणी करणं. त्यात आम्ही फंक्शनला सर्वांत कमी, म्हणजे १२८ एमबी मेमरी दिली होती. लॅम्डात प्रोसेसरचा वाटा मेमरीच्या प्रमाणात मिळतो, त्यामुळे हे पहिलं काम रेंगाळत होतं. वेळमर्यादा आम्ही बदललीच नव्हती. ती आपोआप मिळते तेवढी, ३ सेकंद होती.

त्या सकाळी एसएमएसचा सर्व्हरही संथ होता. लॉगमध्ये ही ओळ सापडली:

```
Task timed out after 3.00 seconds
```

ती दोनदा होती, आणि दोन्ही वेळा विनंतीचा क्रमांक तोच. मग सगळा उलगडा झाला. फाइल चढल्यावर जागं होणारं फंक्शन अपयशी ठरलं, तर लॅम्डा ते आपणहून आणखी दोनदा चालवतं. पहिला पुन्हा प्रयत्न साधारण एका मिनिटाने, दुसरा त्यानंतर दोन मिनिटांनी. पहिल्या खेपेला साडेआठ लिटर मिळवले गेले, एसएमएसची वाट पाहता पाहता वेळ संपली आणि फंक्शन तोडलं गेलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा साडेआठ मिळवले, पुन्हा तोडलं गेलं. तिसऱ्या खेपेला आणखी साडेआठ मिळवले, एसएमएस गेला आणि काम ‘यशस्वी’ झालं. नियंत्रण फलकावर शेवटची खूण हिरवी होती.

वेळ संपली म्हणजे काम झालं नाही, असा आमचा समज होता. तो चुकीचा होता. वेळ संपली म्हणजे काम कुठवर झालं ते सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या चाचण्या फंक्शन एकदा चालवून आकडा बरोबर येतो का एवढंच पाहत होत्या. अर्धवट राहिलेलं काम त्या तपासतच नव्हत्या.

म्हणून आधी ही चाचणी लिहिली:

```python
def test_same_slip_twice():
    seed_account("417", litres=0)
    handler(slip_event, None)
    handler(slip_event, None)
    assert litres_of("417") == Decimal("8.5")
```

तीच पावती दोनदा द्यायची आणि खात्यावर साडेआठच राहिले पाहिजेत. चाचणी लगेच नापास झाली, आणि तसंच व्हायला हवं होतं. पहिला उपाय सुचला तो असा: पावती क्रमांक आधी नोंदवायचा आणि तो आधीच नोंदलेला असेल तर लिटर मिळवायचे नाहीत. चाचणी पास झाली. पण मग दुसरी चाचणी लिहिली, ज्यात क्रमांक नोंदल्यानंतर आणि लिटर मिळवण्याआधी आम्ही मुद्दाम फंक्शन पाडलं. पुन्हा चालवल्यावर त्याला वाटलं काम झालेलं आहे, आणि खात्यावर शून्य लिटर राहिले. तिपटीची चूक गेली, तिच्या जागी दूधच बुडालं. ही चूक जास्त वाईट, कारण कमी दिसलेल्या आकड्याची तक्रार करायला माणसाने रोज हिशेब ताडून पाहिला पाहिजे.

खरा उपाय हा की क्रमांक नोंदणं आणि लिटर मिळवणं हे एकाच व्यवहारात बांधायचं. झाले तर दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. आम्ही वापरत असलेल्या डायनॅमोडीबीत त्यासाठी `TransactWriteItems` आहे, आणि क्रमांक आधी नसेल तरच नोंदवण्यासाठी `attribute_not_exists` ही अट. एसएमएस आम्ही वेगळ्या फंक्शनकडे दिला. मेसेज दोनदा गेला तर चालतं, दूध दोनदा जमा झालेलं चालत नाही. आणि ही काळजी फक्त बिघाडापुरती नाही. फाइल चढल्याची सूचनाच कधीकधी दोनदा येऊ शकते, कारण ती ‘निदान एकदा’ पोचेल एवढीच हमी असते.

आता प्रत्येक बदलानंतर तीन गोष्टी प्रत्यक्ष क्लाउडवर तपासतो. एक, थंड सुरुवात. फंक्शनच्या सेटिंगमधला एखादा मूल्यबदल केला की जुन्या जागा वापरात राहत नाहीत. मग पावती पाठवायची आणि `Init Duration` आल्याची खात्री करूनच वेळ मोजायची. एका मोजणीवर विसंबायचं नाही, वीस वेळा करून त्यातली सर्वांत वाईट वेळ धरायची. दोन, संथ जोडीदार. पाच सेकंदांनी उत्तर देणारा खोटा एसएमएस सर्व्हर लावायचा. फंक्शनने स्वतःहून वाट पाहणं थांबवून चूक नोंदवली पाहिजे, तोडलं जाईपर्यंत बसून राहता कामा नये.

तीन, लांबलेलं काम. लॅम्डात कोणतंही फंक्शन एका खेपेत १५ मिनिटांपेक्षा जास्त चालू शकत नाही. दहा दिवसांची बिलं काढणारं फंक्शन प्रत्येक खात्यानंतर `context.get_remaining_time_in_millis()` विचारतं आणि वेळ कमी उरली की राहिलेल्या खात्यांची यादी पुढच्या खेपेकडे देतं. चाचणीसाठी १५ मिनिटं थांबायची गरज नाही. मर्यादा १० सेकंदांवर आणायची आणि पाचशे खाती द्यायची. काम अनेक तुकड्यांत तुटतं. शेवटी पाचशे बिलं निघाली पाहिजेत, चारशे नव्व्याण्णव नाहीत आणि पाचशे एकही नाही.

मावशींच्या खात्यावरचे जादा सतरा लिटर आम्ही त्याच दिवशी वजा केले. मग मागच्या सगळ्या पावत्या खात्यांशी ताडून पाहिल्या. आणखी काही सकाळी अशाच निघाल्या, आणि त्या सगळ्या पहाटेच्या पहिल्या काही पावत्यांमधल्या होत्या.